खुर्ची, दोन पाण्याच्या बाटल्या आणि 30 ज्यूल कुठून आले

पार्श्वभूमी

मालवण-वेंगुर्ला पट्ट्यातलं एक ज्युनिअर कॉलेज, बारावी सायन्स, पावसाळा नुकताच सुरू झालेला. गावाचं नाव देत नाही, मुलांचीही नाही. मी तिथे फिजिक्स शिकवतो. बारावीच्या पुस्तकात पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्सचा आहे, त्यामुळे जूनमध्ये मुलं वर्गात नीट बसायला शिकायच्या आतच त्यांच्या डोक्यावर मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे वस्तू फिरवायला किती जड जाते त्याचं माप, येऊन आदळतं. आणि स्केटरचं उदाहरण तर दरवर्षी असतंच, हात पसरून गिरकी घेणारी बाई हात छातीशी घेते आणि भरभर फिरायला लागते. कोकणात बर्फ कोणी बघितलाय, पोरांसाठी ही गोष्ट बर्फावरच्या परीसारखीच.

पण या बॅचमध्ये एक मुलगी होती जी खरंच स्केटिंग करायची, चार चाकांचे स्केट्स, तालुक्याच्या ठिकाणी सिमेंटच्या कोर्टवर रविवारी क्लास. तिला गिरकी दोन्ही पाय खाली ठेवूनच यायची आणि तीही तीन-चार फेऱ्यांची, पण हात आत घेतल्यावर काय होतं ते तिला अंगाने माहीत होतं. धडा शिकवून झाल्यावर तिने विचारलं, "सर, हात आवळले की वेग वाढतो हे मला माहितीय, पण मी जमिनीला ढकलतच नाही, मग जोर येतो कुठून?"

मी ठेवणीतलं उत्तर दिलं. बाहेरून टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, नाही म्हणून अँग्युलर मोमेंटम, म्हणजे एकूण फिरकी, कायम, `L = Iω`, हात आत आले की मोमेंट ऑफ इनर्शिया `I` कमी, म्हणून फिरण्याचा वेग `ω` जास्त. तिने मान डोलावली पण तिचं समाधान झालेलं नव्हतं, ते दिसत होतं. खरं म्हणजे मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नव्हतं. ती जोराबद्दल विचारत होती आणि मी फिरकीबद्दल सांगत होतो.

अडचण

मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी खिडकीतून माडाकडे बघत बसतो, तो उठला आणि म्हणाला, "सर, बाहेरून कोणी काही केलं नाही तर एनर्जी पण कायम राहायला पाहिजे ना?" आणि फळ्यावर येऊन त्याने गणित मांडलं. गतिज ऊर्जा `½Iω²`. ती कायम धरली तर `I` अर्धं झाल्यावर `ω` दुप्पट होत नाही, `√2` पट म्हणजे 1.41 पटच होतो. आणि माझ्या नियमाने दुप्पट. दोन कॉन्झर्व्हेशनचे नियम, एकच गिरकी, आणि उत्तरं दोन.

वर्ग उभा फाटला. निम्मी पोरं त्याच्या बाजूने. "एनर्जी कॉन्झर्व्ह होते" हे वाक्य त्यांनी आठवीपासून इतक्या वेळा ऐकलंय की ते कुठे लागू करायचं आणि कुठे नाही हा प्रश्नच डोक्यात येत नाही. माझ्या नियमाने `ω` दुप्पट झाला तर `½Iω²` पण दुप्पट होते, आणि ती जादाची एनर्जी कुठून आली हे मी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्याचा आक्षेप अगदी रास्त होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा, "बोर्डात अँग्युलर मोमेंटमनेच सोडवायचं" असं सांगून पुढच्या धड्याला लागायचं. वेळेचा विचार केला तर तेच बरोबर होतं आणि माझे बरेच सहकारी तेच करतात, त्यांना दोष देत नाही.

दुसरा पर्याय, फळ्यावर इंटिग्रेशन करून दाखवायचं की हात ओढण्याचं काम बरोबर तेवढंच भरतं. ते बरोबर आहे, पण वाद घालणाऱ्याला फळ्यावरचं गणित पटत नाही, त्याच्याकडे त्याचं गणित असतंच.

तिसरा, मोजायचं. यात एक सोय अशी की दोघांचे अंदाज एकमेकांपासून बऱ्यापैकी लांब आहेत, त्यामुळे मोजणी थोडी ओबडधोबड असली तरी निकाल लागू शकतो. मुलीला स्केट्सवर फिरवून मोजायचा विचार केला होता पण सिमेंटवर चाकं इतकी घासतात की दोन फेऱ्यांत वेग खाली येतो, आणि ती एका जागी राहतही नाही. मग ऑफिसातली जुनी फिरती खुर्ची घ्यायची ठरली आणि दोन्ही हातांत 2-2 लिटरच्या भरलेल्या बाटल्या, म्हणजे हात आत घेतल्याचा परिणाम मोठा दिसेल.

काय केलं, पहिला दिवस

आधी फिरवण्याआधी अंदाज मांडून ठेवला, हे महत्त्वाचं, नाहीतर नंतर आकडे हवे तसे वाकवले जातात. मुलगी साधारण 45 किलो, पाय खुर्चीखाली दुमडून बसलेली. धड, पाय आणि खुर्चीचा फिरणारा भाग मिळून मोमेंट ऑफ इनर्शिया अंदाजे 1.6 धरलं (एकक किलोग्रॅम-मीटर वर्ग, पुढे तेच). पसरलेले हात 0.9. बाटल्या अक्षापासून 75 सेंटिमीटरवर, म्हणजे 2 × 2 × 0.75², 2.25. एकूण 4.75. हात छातीशी घेतले की बाटल्या 20 सेंटिमीटरवर, त्यांचे 0.16 उरतात, हातांचे 0.25 च्या आसपास, एकूण 2.0. गुणोत्तर 2.4. शरीराच्या आकड्यात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे असणारच, पण माझ्या नियमाने वेग 2.4 पट व्हायला हवा आणि त्याच्या नियमाने `√2.4` म्हणजे 1.55 पट, इतकं अंतर असल्यावर तेवढी चूक चालते.

जमिनीवर खडूने वर्तुळ काढून चार खुणा केल्या, खुर्चीला रंगीत टेप, आणि मोबाइल स्लो मोशनवर सेकंदाला 120 फ्रेम्स. पाव फेऱ्याला किती फ्रेम्स लागतात ते मोजायचं. हात पसरून 60 फ्रेम्स आले, म्हणजे पाव फेरा अर्ध्या सेकंदात, पूर्ण फेरा 2 सेकंदांत. मग तिने सावकाश हात आत घेतले, स्थिर झाली, आणि पहिल्या मोजणीपासून साधारण 3 सेकंदांनी मोजलं तर 37 की 38 फ्रेम्स.

60 भागिले 37.5, उत्तर 1.6.

वर्गात जो काही आरडाओरडा झाला म्हणता, शेजारच्या केमिस्ट्रीच्या मॅडम दारात येऊन बघून गेल्या. मागच्या बाकावरचा बाकावर चढायचाच बाकी होता. त्याचा अंदाज 1.55, मोजलेलं 1.6, माझा अंदाज 2.4. एखाद्याने बाहेरून बघितलं असतं तर म्हणाला असता मास्तर हरला.

इथे माझ्यासाठी पहिला खरा निर्णय होता. "फ्रिक्शनमुळे असं झालं" म्हणून विषय झटकता आला असता आणि ते खरंही निघालं असतं, पण फ्रिक्शन किती हे न मोजता त्याच्यावर ढकलणं म्हणजे पळवाट. पोरं ते लगेच ओळखतात. म्हणून सांगितलं, आज तुझं उत्तर जवळ आहे, उद्या बघू. रात्री मात्र झोप नीट लागली नाही हे कबूल करतो.

एक अपघातही झाला त्या दिवशी, सांगितला पाहिजे. दुसऱ्या एका मुलाला बसवलं होतं, त्याच्या दोन्ही हातांतून पसरलेल्या स्थितीत बाटल्या निसटल्या, घामाचे हात आणि गुळगुळीत प्लास्टिक. एक भिंतीला आणि एक कपाटाला जाऊन आपटली, कोणाला लागलं नाही. पण व्हिडिओ चालूच होता आणि त्यात मजा अशी की बाटल्या सुटल्या त्या क्षणी खुर्चीचा वेग वाढलाच नाही. अर्ध्या वर्गाचं म्हणणं होतं की वजन गेलं, `I` कमी झालं, मग वेग वाढायला हवा. नाही वाढत. बाटली जाताना स्वतःच्या वाटणीचं अँग्युलर मोमेंटम सोबत घेऊन सरळ रेषेत निघून जाते, मागे राहिलेल्यांचं जेवढं होतं तेवढंच. फेकणं आणि आत ओढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे पुढे फार कामाला आलं.

काय केलं, दुसरा दिवस

सकाळी आधी एकच चाचणी केली. तीच मुलगी, त्याच बाटल्या, हात पसरलेलेच ठेवायचे, काहीही करायचं नाही, नुसतं फिरू द्यायचं. सुरुवातीला 60 फ्रेम्स, 3 सेकंदांनी 90. म्हणजे हात न हलवताच खुर्चीने 3 सेकंदांत एक तृतीयांश वेग खाल्ला होता.

आता फ्रिक्शनचा टॉर्क वेगावर फारसा अवलंबून नसतो, साधारण एकसारखा राहतो, त्यामुळे 3 सेकंदांत तो अँग्युलर मोमेंटमचा जेवढा घास घेतो तेवढाच घेणार, हात आत असोत की बाहेर. मग काल एक तृतीयांश गेलंच होतं. 2.4 चे दोन तृतीयांश किती, तर 1.6. कालचा आकडा बरोबर तिथेच येऊन बसतो. मागच्या बाकावरच्याचा 1.55 हा योगायोग होता, आणि तो अशासाठी वाईट की घर्षण थोडं कमी-जास्त असतं तर आम्हाला तो लगेच दिसला असता.

उलट त्याच्या नियमाला पण घर्षण लावून बघितलं पाहिजे ना, तेही केलं. घर्षण मोजल्यावर त्याच्या नियमाप्रमाणे 1.55 च्याही खाली, बरंच खाली यायला हवं होतं. ते तसं आलं नव्हतं. हा मुद्दा त्यानेच काढला, मी नाही.

तरी माझं म्हणणं होतं की हिशोबाने दुरुस्त केलेल्या आकड्यावर थांबायचं नाही. लॅबच्या मामांना बोलावलं, त्यांनी खुर्ची उलटी केली आणि एका नजरेत सांगितलं, "खाऱ्या वाऱ्यान बेरिंग खाल्ल्यान, सर." समुद्र कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर, आमच्याकडे कुलपं, बिजागऱ्या, सायकलच्या चेनी, सगळं असंच जातं. मामांनी बेरिंग काढून रॉकेलमध्ये धुतलं, गंज घासला, ग्रीस भरलं, अर्ध्या तासाचं काम. पुन्हा नुसतं फिरवून बघितलं तर 3 सेकंदांत 60 चे 66 फ्रेम्स, म्हणजे नऊ-दहा टक्केच तोटा.

आणि दुसरा बदल, हात आत घ्यायला एक सेकंद आणि लगेच मोजायचं, थांबायचं नाही. 60 फ्रेम्सवरून 26. गुणोत्तर 2.3. एका सेकंदात जाणारे तीनेक टक्के धरले तर अपेक्षाही 2.33 चीच होती. पुन्हा हात पसरल्यावर 64 फ्रेम्स, म्हणजे घर्षणाने खाल्लेलं सोडून गाडी मूळ ठिकाणी.

मागच्या बाकावरचा गप्प बसला नाही, आणि चांगलंच झालं. म्हणाला, "मान्य सर. पण मग एनर्जी वाढली ती कोणाची?"

ऊर्जेचा हिशोब

आकडे घेऊ. हात पसरलेले असताना फेरा 2 सेकंदांचा, म्हणजे `ω` 3.14 रेडियन प्रति सेकंद, गतिज ऊर्जा ½ × 4.75 × 3.14², साधारण 23 ज्यूल. हात आत घेतल्यावर `ω` 7.25, ऊर्जा ½ × 2.0 × 7.25², साधारण 53 ज्यूल. 30 ज्यूल नवीन. म्हणजे 10 लिटरची भरलेली बादली 30 सेंटिमीटर उचलण्याइतकं काम, फार नाही पण फुकटचंही नाही.

मी मुलीला विचारलं, हात आत घेताना काय वाटलं? ती म्हणाली, बाटल्या बाहेर ओढतात आणि जसजसं आत आणते तसं जास्त ओढतात. बरोबर. सुरुवातीला 2 किलोच्या बाटलीला वर्तुळात धरून ठेवायला `mω²r` म्हणजे 15 न्यूटन लागतात, दीड किलो उचलल्यासारखं. अर्ध्या वाटेवर 24 न्यूटनच्या आसपास, छातीशी 21. सरासरी 20 धरा, अंतर 55 सेंटिमीटर, बाटल्या दोन: 2 × 20 × 0.55, 22 ज्यूल. हातांचं स्वतःचं वजन पण आत ओढावं लागतं, त्याचे सात-आठ ज्यूल. झाले 30. हे तिच्या दंडातून आणि छातीच्या स्नायूंतून आले, म्हणजे सकाळच्या घावन-चटणीतून.

पण इथे एक गाठ आहे आणि बहुतेकांना ती अडते. बाटलीला अक्षाकडे ओढलं तर त्या ओढीचा टॉर्क शून्य, वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूवर केंद्राकडची ओढ काम करत नाही हेही पाठ असतं, मग काम झालं कसं? झालं, कारण हात आत घेताना बाटली वर्तुळात फिरतच नाही. जमिनीवर खडूने तिचा मार्ग काढून दाखवला, गोगलगाईच्या शंखासारखा आत वळत जाणारा. त्या मार्गावर बाटलीची दिशा आणि ओढीची दिशा यांत 90 अंश नसतात, थोडे कमी असतात. ओढीचा एक छोटा हिस्सा चालीच्या दिशेने पडतो आणि तेवढंच काम होतं. हात स्थिर असताना मात्र कितीही जोरात धरून ठेवा, काम शून्य, नुसता हात दुखतो.

मग तिने एक गोष्ट सांगितली जी मी वीस वर्षं शिकवताना कोणाला सांगितली नव्हती. "सर, बाटल्या नुसत्या बाहेर नाही ओढत, आत घेताना आडव्या पण ढकलतात, फिरतोय त्या बाजूला." हीच तर वेग वाढण्याची यंत्रणा. बाटली लांबून आत येते तेव्हा तिच्याकडे फिरकी भरपूर असते, मोकळी असती तर ती खुर्चीच्या पुढे निघून गेली असती, हात तिला मागे धरतो आणि ती हाताला पुढे ढकलते. आकड्यात सांगायचं तर प्रत्येक बाटलीचं अँग्युलर मोमेंटम 3.5 वरून 0.6 वर आलं आणि धड-खुर्चीचं 5 वरून 11.6 वर गेलं. बाटल्यांनी, आणि हातांनीही, दिलं ते धडाने घेतलं, एकूण तेवढंच. पहिल्या दिवशी तिने विचारलेला "जोर कुठून" तो हा.

आतल्या बलांचे टॉर्क जोडीने एकमेकांना खोडतात म्हणून `L` बदलत नाही, पण आतल्या बलांचं काम एकमेकांना खोडतंच असं नाही, म्हणून `½Iω²` बदलू शकते. मागच्या बाकावरच्याने "बाहेरून कोणी नाही" हे दोन्ही नियमांना सारखंच लावलं होतं, चूक एवढीच होती. एकूण ऊर्जा कायमच आहे, फक्त त्यात स्नायूंतली रासायनिक ऊर्जा पण धरावी लागते.

आणि हात परत पसरले की? 30 ज्यूल स्नायूंत परत जमा होतात का? नाही. बाटल्या हाताला बाहेर ओढतात, स्नायू त्यांना आवरत आवरत सोडतो आणि ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. हाताच्या जागी स्प्रिंग असती तर तिने बरीचशी साठवून ठेवली असती. दहा वेळा आत-बाहेर केल्यावर मुलीला घाम आला होता, खुर्ची तशीच.

निकाल

वाद मिटला. मुलीने रविवारी क्लासवरून येऊन सांगितलं की त्यांचे सर "हात पटकन घे" म्हणून ओरडतात ते आता कळलं. घर्षण दर सेकंदाला ठरलेला घास घेतं, हात पसरून जेवढा वेळ घालवाल तेवढी फिरकी चाकांत गेली. पटकन घेतल्याने जादा काही मिळत नाही, जे आहे ते कमी वाया जातं. बर्फावर हा तोटा कमी, म्हणून तिथले स्केटर सेकंदाला 5 फेऱ्यांपर्यंत जातात, आणि त्या वेगाला 400 ग्रॅमचा नुसता पंजा 20 सेंटिमीटरवर धरून ठेवायला 8 किलो उचलण्याइतका जोर लागतो. त्यांचे हात इतके घट्ट आवळलेले का असतात ते यात आलं.

पुन्हा करायचं तर

नुसतं फिरू देऊन घर्षण मोजायची चाचणी सगळ्यात आधी, हात हलवायच्या आधी. ती पहिल्या दिवशी दहा मिनिटांत झाली असती आणि रात्रीची झोप वाचली असती.

शरीराचं 1.6 हे अंदाजाने धरलं, ते मोजता आलं असतं. खुर्चीच्या कडेला दोरी गुंडाळून कप्पीवरून वजन सोडायचं आणि वेग किती झपाट्याने वाढतो ते बघायचं, त्यावरून `I` निघतं, घर्षण वजा करून. यंदा तेच करणार आहे. 2.3 आणि 2.4 मधला फरक घर्षणाचाच की माझ्या अंदाजाचा हे त्याशिवाय ठामपणे म्हणता येत नाही.

बाटल्यांऐवजी वाळूच्या पिशव्या, मनगटाला पट्ट्याने बांधलेल्या. वाळू फुकट आहे आमच्याकडे. कपाटाच्या दाराला पडलेला पोचा अजून तसाच आहे आणि मामा दर वेळी त्याच्याकडे बोट दाखवून मग चावी देतात.